कंपा-रेशो आणि पगारवाढीची टक्केवारी

आपण सोलापुरातील टॉवेल कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात नव्याने रुजू झाला आहात, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी 24,000 ते 36,000 रुपये असेल, तर तिचा मध्यबिंदू 30,000 येतो. 25,500 रुपये घेणाऱ्याचा पगार या मध्यबिंदूने भागल्यास कंपा-रेशो 0.85 निघतो. त्याला मध्यबिंदूपर्यंत आणायचे म्हणून येथे बहुतेक जण 15 टक्के वाढ सुचवून मोकळे होतात, परंतु ती टक्केवारी मध्यबिंदूवरची असते आणि वाढ मात्र चालू पगारावर मोजली जाते, त्यामुळे पगार 29,325 वरच अडकतो. खरी गरज 4,500 रुपयांची, म्हणजे सुमारे 17.65 टक्क्यांची आहे. श्रेणी मूळ वेतनाची असल्यास भागाकारात भत्ते मिसळू नयेत, अन्यथा गुणोत्तर उगाच फुगते.