संतापाने लिहिलेला मेसेज ग्रुपवर टाकण्याआधी

प्रश्न: सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून जाम संतापून मोठा मेसेज लिहून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही. सगळे म्हणतात थंड डोक्याने परत लिही. म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

सगळ्यात आधी तो मेसेज ग्रुपमधून उचला आणि फोनच्या नोंदवहीत नाहीतर सरळ कागदावर उतरवून घ्या. ग्रुपच्या चौकटीत पडून राहिलेला मेसेज अंगठ्याच्या एका चुकार स्पर्शाने जातो, आणि कॉम्प्युटरवर तर नवी ओळ घ्यायला म्हणून एंटर दाबला की गेलाच. व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत तो दुरुस्त करता येतो, नंतर काढूनही टाकता येतो, पण दोन्हीची खूण सगळ्यांना दिसत राहते, आणि ज्यांनी वाचायचा त्यांनी तोवर वाचलेला असतो. काढून टाकलेल्या मेसेजबद्दल लोक जास्तच चौकशी करतात.

पुढचं मी माझ्याच एका मेसेजवरून सांगते. इंदूरला आमच्या वस्तीतलं गणेशोत्सव मंडळ आहे, त्याचा ग्रुप. लहान मुलांचा कार्यक्रम संध्याकाळी ७ ला ठरला होता. एका पाहुण्यांचं भाषण मध्ये आलं, लांबलं, आणि मुलं रंगमंचावर गेली साडेनऊला. माझी सात वर्षांची लेक कोळणीचं लुगडं नेसून, केसात गजरा माळून खुर्चीतच झोपली. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिला उठवणं माझ्याच्याने झालं नाही. रात्री अकराला मी लिहिलं:

«आपल्या थोर कार्यकारिणीचं अभिनंदन! मुलांना अडीच तास ताटकळत ठेवून पाहुण्यांची हुजरेगिरी केलीत. नेहमीचंच आहे म्हणा. मुलांचं कुणाला काही पडलेलं नाही, तुम्हाला फक्त फोटो हवेत. वर्गणी मागायला मात्र बरे वेळेवर दारात उभे राहता.»

पाठवला नाही तो केवळ लेकीची वेणी सोडून तिला नीट झोपवायचं होतं म्हणून.

लिहून झाल्यावर तो पुन्हा पुन्हा उघडून वाचू नका. मनातलं ओकून टाकलं की राग उतरतो, असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ मधल्या प्रयोगात उलटं दिसलं. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत ज्यांनी बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले, त्यांचाच राग सगळ्यात जास्त राहिला. मेसेजचंही तसंच होतं: दर वाचनात आपण एखादा शब्द आणखी धारदार करतो आणि आणखी तापतो. म्हणून एकदा लिहा, बंद करा, आणि डोकं दुसरीकडे लागेल असं काम हातात घ्या. मी रात्रीचा मेसेज सकाळी पोहे-चहा झाल्यावरच उघडते.

सकाळी मी पेन्सिल घेऊन बसले. प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न: हे मी डोळ्यांनी पाहिलं, की मी ताडलं? पाहिलेलं ठेवायचं, ताडलेलं खोडायचं. पाच वाक्यांच्या मेसेजात पाहिलेली म्हणावी अशी गोष्ट एकच निघाली, ‘अडीच तास’. ‘पडलेलं नाही’, ‘फोटो हवेत’ हे दुसऱ्याच्या मनातलं होतं. ‘नेहमीचंच’ तर खोटंच होतं, आदल्या वर्षीचा कार्यक्रम वेळेवर झाला होता. आणि वर्गणीचा या सगळ्याशी काही संबंधच नव्हता.

पाहुण्यांमुळे उशीर झाला हा माझा अंदाज खराच होता, सचिवांनी नंतर स्वतः सांगितलं. तरी ‘हुजरेगिरी’ हा शब्द खोडला ते बरंच केलं. तो ग्रुपवर गेला असता तर दोन दिवस त्या एका शब्दावर भांडण झालं असतं आणि मुलांच्या वेळेचं कुणी बोललंच नसतं. लोक नेहमी मेसेजमधल्या सगळ्यात टोचणाऱ्या शब्दाला उत्तर देतात.

आपल्या मराठीत एक फसवी जागा आहे, तिथे जपा. राग निवला असं वाटतं तेव्हा तो बऱ्याचदा ‘आपण’, ‘माननीय’, ‘अभिनंदन’ यांच्या आड जाऊन बसलेला असतो. रोज ज्यांना ‘काका, तुम्ही’ म्हणतो त्यांना मेसेजात एकदम ‘आपण’ म्हणावंसं वाटलं, तर राग अजून तसाच आहे असं समजा. मी मेसेज मोठ्याने वाचून बघते. हेच वाक्य पायऱ्यांवर समोर उभ्या असलेल्या काकांना मी याच शब्दांत म्हणेन का? जीभ अडखळली की ते वाक्य बदलायचं. एखादं वाक्य वाचताना फार गोड वाटलं, ‘कसं सुनावलं’ असं मनात आलं, तर तेही जायला हवं.

दुसरा बदल क्रियापदाचा. ‘तुम्ही कळवलं नाहीत’ म्हटलं की समोरचा स्वतःचा बचाव करायला उभा राहतो. ‘आम्हाला कळलं नाही’ यात तक्रार तेवढीच राहते, पण कळवायचं कसं यावर बोलायला जागा होते.

मग मेसेज असा झाला:

«नमस्कार. काल मुलांचा कार्यक्रम ७ ला होता, तो साडेनऊला सुरू झाला. वेळ बदलल्याचं आम्हा पालकांना आधी कळलं नाही. लहान गटातली काही मुलं तोवर झोपून गेली, माझी मुलगीही. परवाच्या बक्षीस समारंभात लहान गट सगळ्यात आधी घेता येईल का? आणि वेळ बदलली तर तासभर आधी इथे कळवाल का?»

शेवटचे दोन प्रश्न पहिल्या मसुद्यात नव्हतेच. रागात आपण काय झालं ते सांगतो, काय हवं ते सांगायचं राहून जातं. उलट चूकही मी केली आहे: एकदा इतकं मऊ लिहिलं, ‘जमलं तर बघा’, की खाली चार नमस्काराचे हात आले आणि झालं काहीच नाही. म्हणून मागणी अशी हवी की तिला हो किंवा नाही म्हणता येईल.

ग्रुपवर टाकण्याआधी मी सचिवकाकांना फोन केला आणि हेच वाचून दाखवलं. ज्याच्या हातात ती गोष्ट बदलणं आहे त्याला आधी एकट्याला सांगावं, दोनशे जणांपुढे तो खाली मान घालणार नाही. ते म्हणाले, ‘वहिनी, टाका ग्रुपवर, म्हणजे मलाही कार्यकारिणीत बोलता येईल.’ टाकल्यावर दोघातिघांनी आपापल्या मुलांचं सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत लहान गटाची साडेसहाची वेळ आली. अध्यक्ष मात्र काही बोलले नाहीत, आणि मीही विषय वाढवला नाही.

रात्रभर थांबणं सगळीकडे चालत नाही. तुमच्या गाडीमागे आत्ता कुणी गाडी लावली असेल आणि तुम्हाला दवाखान्यात जायचं असेल, तर मसुदा बाजूला ठेवा, वॉचमनला हाक मारा किंवा ग्रुपवर एवढंच टाका: ‘पांढरी गाडी, गेटजवळ, कृपया लगेच काढा.’ त्या मालकाच्या सवयीबद्दलचा मेसेज वेगळा, दुसऱ्या दिवशीचा. त्यात कोणत्या दोन-तीन तारखांना, किती वाजता, कुठल्या जागेवर गाडी होती ते लिहा, आणि सोसायटीकडून काय हवं ते: जागांवर नंबर रंगवणं की पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वेगळी जागा. आधी त्या मालकाशी जिन्यात एकदा बोलून घ्या. तिथेच मिटलं तर मसुदा पुसून टाका.