फक्त वाटी बदलायची होती

फ्लेक्स आणि लेबलं छापण्याचं माझं काम. हल्ली निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलवर एआयकडून काढून घेतलेलं चित्र घेऊनच दुकानात येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: "सगळं चांगलं होतं, एवढं एक बदलायला गेलो आणि बिघडलं." त्याच तऱ्हेचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

घरगुती शेंगा चटणी विकते. लेबलसाठी चित्र काढलं. स्टीलची वाटी सोडून सगळं आवडलं. "वाटी दगडी कर" म्हटलं तर वाटी दगडी झाली, पण भाकरीचा नान झाला आणि पाटाचा रंगही बदलला. असं का? – जुळे सोलापूर

कारण त्या अ‍ॅपने वाटी बदललीच नाही. त्याने अख्खं चित्र नव्याने काढलं, जुन्याकडे बघत बघत. आपल्याला वाटतं चित्रकाराने तेवढंच खोडून तेवढंच रंगवलं, पण आत तसं घडत नाही. ही चित्रं टीव्हीवर मुंग्या येतात तशा दाणेदार गोंधळातून टप्प्याटप्प्याने साफ होत येतात. पहिल्या टप्प्यांत मोठे आकार ठरतात, वाटी कुठे, पाट कुठे, उजेड कुठून. बारकावे शेवटी येतात. तुमचे शब्द पहिल्या टप्प्यापासून वाट दाखवत असतात. म्हणून एक शब्द बदलला तरी त्याचा धक्का सगळीकडे बसतो. त्यात "दगडी वाटी" म्हटल्यावर त्याला तंदूरवाल्या हॉटेलचं टेबल आठवलं असेल, तर भाकरीचा नान होणारच.

यावर पहिला उपाय म्हणजे काय बदलायचं ते सांगताना काय राखायचं तेही नाव घेऊन सांगणं. तुमच्या चित्रासाठी मी असं लिहिलं असतं: "फक्त वाटी बदल. स्टीलऐवजी काळ्या दगडाची, खडबडीत, त्याच जागी, त्याच मापाची. ज्वारीची कडक भाकरी, लाकडी पाट, डावीकडचा उजेड आणि वरून घेतलेला कोन जसाच्या तसा ठेव." "बाकी सगळं तेच" एवढं पुरत नाही. ज्याचं नाव घेतलं नाही, ते आधी हलतं.

दुसरा उपाय जास्त खात्रीचा. अ‍ॅपमध्ये भाग निवडायचा ब्रश असेल तर वाटीवर तो फिरवा आणि तेवढाच भाग बदलायला सांगा. इथे बहुतेक जण वाटीच्या कडेकडेने अगदी काटेकोर ब्रश फिरवतात आणि फसतात. वाटीची सावली पाटावर पडलेली असते, स्टीलची चकाकी भाकरीच्या कडेवर आलेली असते. ती बाहेर राहिली की दगडी वाटीखाली स्टीलची चमक दिसते आणि काय खटकतंय ते कळत नाही. सावलीसकट, बोटभर जास्तच भाग घ्या.

मग नवं चित्र आलं की जुन्याशेजारी ठेवून चार गोष्टी पाहा: वाटी, भाकरी, पाट, उजेड. वाटी छान पण भाकरी हलली, तर त्या नव्या चित्रावर भाकरी दुरुस्त करायला बसू नका. आधीच्या चित्रावर परत जा आणि वाटीच पुन्हा मागा. एका वेळी एकच बदल करायचा तो यासाठीच: बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं आणि मागे कुठवर जायचं तेही कळतं. मी स्वतः प्रत्येक फेरीची फाइल वेगळ्या नावाने ठेवतो, "चटणी ३ दगडी वाटी" अशी.

अ‍ॅपला ब्रशच नसेल तर एक देशी तोडगा आहे. नव्या चित्रातली वाटी तेवढी चांगली आली ना? फोटो जुळवायच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये जुनं चित्र वर आणि नवं खाली ठेवा, आणि वरच्या चित्रावर वाटीच्या जागी खोडरबर फिरवा. खालची दगडी वाटी दिसू लागेल, बाकी सगळं जुनंच राहील. वाटी जागची हलली नसेल तरच हे जमतं, म्हणून वर "त्याच जागी, त्याच मापाची" लिहायला सांगितलं.

त्याच चटणीचं आणखी एक. चटणी शेजवान सॉससारखी ओली येते. "ओली नको, सॉस नको" तीनदा लिहिलं, तर आणखीच पातळ झाली! – जुळे सोलापूर

चित्र काढणाऱ्या बऱ्याच अ‍ॅपना "नको" नीट पोचत नाही. "सॉस" हा शब्द पोचतो, आणि तीनदा लिहिला म्हणजे तीनदा पोचतो. नको ते न सांगता हवं ते सांगा, तेही नजरेला दिसेल असं: "कोरडी, भरड, तांबूस पूड, दाण्याचे बारीक कण दिसणारी, उखळात कुटलेली, कडेला किंचित तेल सुटलेलं, वाटीत ढीग करून ठेवलेली." यातला ढीग महत्त्वाचा. पातळ पदार्थाचा ढीग होत नाही, त्यामुळे या एका शब्दाने आकारच बदलतो. आणि हे वाटीच्या फेरीत घुसडू नका. वाटी पक्की झाल्यावर पुढची फेरी चटणीची.

दहा-बारा वेळा सुधारणा केल्या. प्रत्येक वेळी थोडं चांगलं वाटत गेलं, पण शेवटचं चित्र पहिल्याशेजारी ठेवलं तर चेहरा मेणाचा वाटतो. – विजापूर रोड

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की होतं, तेच झालंय. दर फेरीला अ‍ॅप तुमचं चित्र आधी स्वतःच्या आटोपशीर रूपात दाबून घेतं, त्यात फेरफार करतं आणि पुन्हा उलगडतं. दाबण्या-उलगडण्यात बारीक तपशील थोडे थोडे गळतात. गळालेल्या जागी ते अंदाजाने भरतं आणि पुढच्या फेरीला तो अंदाजच खरा धरतं. एका फेरीत हे दिसत नाही, दहाव्या फेरीत लपत नाही. मधे व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र कुणाला पाठवून तेच परत घेतलं असेल तर त्याची गळती वेगळी. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ओळखायचं कसं, तर चित्र दुप्पट मोठं करून पाहा. कातडीवरची छिद्रं गेली, केस दोऱ्यासारखे सलग झाले, भाकरीवरचे डाग सारख्या अंतरावर ठिपके मारल्यासारखे दिसू लागले, की समजायचं.

मी तीन-चार फेऱ्यांच्या पुढे एका साखळीत जात नाही. तोवर काय काय पक्कं झालं ते कागदावर लिहून काढतो, पहिलं चांगलं चित्र परत उघडतो आणि ते पक्के झालेले बदल एका दमात सांगतो. एक-एक बदलाच्या नियमाला हा अपवाद वाटेल. पण एक-एक करून काय हवं ते शोधून झालेलं असतं, आता फक्त ते लावायचं असतं. संभाषण लांबलं असेल तर नवीन सुरू करून त्यातच चित्र टाका. जुन्यात तुम्ही आधी मागून मग रद्द केलेल्या गोष्टीही पडून असतात, आणि लाल साडी नको म्हटल्यावर पाच फेऱ्यांनी ती पुन्हा उगवते ती तिथूनच.

माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये Seed तोच ठेवला तरी शब्द बदलला की चित्र बदलतं. मग त्या आकड्याचा उपयोग काय? – विद्यार्थी, सोलापूर

तो आकडा सुरुवातीचा दाणेदार गोंधळ ठरवतो, एवढंच. तोच आकडा, तेच शब्द आणि बाकी सेटिंगही तीच, तर चित्र तेच. शब्द बदलला की गोंधळ तोच पण वाट वेगळी, म्हणून चित्र सख्ख्या भावासारखं येतं, जुळ्यासारखं नाही. तिथे -1 असेल तर दर वेळी नवा आकडा पडतो. मग बदल शब्दाने झाला की नशिबाने, हे कळायला मार्ग नाही. आधी तो पक्का करा.

तयार चित्रावर काम करताना तुमच्या उपयोगाचा खटका म्हणजे Denoising strength. 0 म्हणजे हात लावायचा नाही, 1 म्हणजे जुनं जवळपास विसरायचं. पूर्ण चित्रावर 0.3 च्या आसपास पोत-रंग हलतात, मांडणी टिकते, 0.7 च्या वर मांडणीही जाते. ब्रशने निवडलेल्या तुकड्यात मात्र वस्तूच बदलायची असेल तर आकडा वर न्यावा लागतो. कमी ठेवलात तर स्टीलची वाटी फक्त काळी होते, दगडी होत नाही.

यंत्रमागाचा धंदा आहे. आमची चादर पलंगावर अंथरलेली दाखवायची आहे. फोटो दिला तरी दर फेरीला नक्षी बदलते. किती फेऱ्यांत जमेल? – अक्कलकोट रोड

या वाटेने जमवायला जाऊ नका. अ‍ॅप तुमच्या नक्षीची नक्कल करत नाही, तशाच धाटणीची दुसरी काढतं. ती अगदी छान आली तरी तो तुमचा माल नाही, आणि चित्रात एक बघून घरी दुसरी चादर आली की गिऱ्हाईक तुम्हालाच धरणार.

उलटं करा. खरी चादर खऱ्या पलंगावर अंथरा, अगदी साध्या खोलीत चालेल, खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. मग चादर निवडून ती निवड उलटी करा, म्हणजे चादर सोडून बाकी सगळं बदलण्याजोगं राहील. आता फेऱ्या करा: आधी भिंत, मग उशा, मग बाजूचं टेबल. उजेड मात्र फोटोत ज्या बाजूने आहे त्याच बाजूने मागा, नाहीतर चादरीच्या घड्यांची सावली एकीकडे आणि टेबलाची दुसरीकडे पडेल. शेवटी फोटोतल्या एका ओळीतली फुलं मोजा, चित्रातल्या त्याच ओळीतली मोजा. आकडा जुळला नाही तर निवडीची कड चादरीत घुसली आहे.

गड्ड्याच्या जत्रेच्या शुभेच्छांसाठी "नंदीध्वज" लिहिलं तर दर वेळी बैल आणि झेंडा येतो. शब्द बदलून थकलो. – बाळीवेस

तुमचं चुकलेलं नाही. त्या अ‍ॅपने आपले नंदीध्वज पुरेसे पाहिलेलेच नाहीत, म्हणून ते शब्दाची फोड करून नंदी आणि ध्वज देतं. तीन फेऱ्यांत हवी ती वस्तू जवळसुद्धा येत नसेल, तर चौथ्यातही येणार नाही. नाव सोडून रूप सांगा: खूप उंच, सरळ काठी, सजवलेली, पांढऱ्या पोशाखातला माणूस ती तोलून उभी धरून चालतोय, भोवती माणसं. त्याहून बरं म्हणजे स्वतः काढलेला जत्रेतला फोटो द्या आणि बदल फक्त आकाशाचा, गर्दीचा, रंगांचा मागा. काठीवर ब्रश फिरवू नका. गावातल्या माणसाला चुकीची काठी लगेच दिसते.

आणि त्यावर "श्री सिद्धेश्वर" हे अक्षर अ‍ॅपकडून लिहून घेऊ नका. काही नवी अ‍ॅप देवनागरी बऱ्यापैकी काढतात, तरी "द्धे" आणि "श्व" मोडले की त्या दोन अक्षरांसाठी आणखी आठ फेऱ्या जातात, आणि दर फेरीला बाकीचं चित्र हलतं. वरचा चौथा भाग मोकळं आकाश मागा आणि अक्षर नंतर फोटोवर लिहायच्या साध्या अ‍ॅपमध्ये टाका. छापायला आणाल तेव्हा अक्षराशिवायची फाइलही सोबत आणा. अक्षर आम्ही टाकून देतो.