इस्तिखारा केला, पण स्वप्न पडलं नाही. आता काय?

प्रश्न: लग्नाच्या स्थळासाठी इस्तिखाराची नमाज पढले. स्वप्नात काहीच दिसलं नाही. मग उत्तर कसं कळणार?

उत्तर: स्वप्न पडायलाच हवं असं हदीसमध्ये कुठेही नाही. सहीह बुखारीत हजरत जाबिर यांच्याकडून आलेली पद्धत साधी आहे: दोन रकात नफल, मग दुआ आणि त्यात आपल्या कामाचा उल्लेख, म्हणजे इथे त्या स्थळाचा.

दुआचा अर्थ नीट वाचा. 'हे माझ्यासाठी चांगलं असेल तर सोपं कर, वाईट असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर कर, आणि जिथे भलं असेल त्यावर मला राजी कर.' यात खूण मागितलेलीच नाही. त्यामुळे मुलाची चौकशी करा, घरच्यांशी बोला आणि मन वळेल तिकडे पाऊल टाका. बोलणी जुळत गेली किंवा मध्येच फिसकटली, तर श्रद्धावान त्यालाच उत्तर मानतात. मन अजून डळमळत असेल तर पुन्हा पढता येते.