आय की एस? आधी मोल काढा

ग्रॅनाइट आय-टाइप की एस-टाइप हे ठरवायला तुम्ही काढलेला १.६६ हा आकडा चुकलाय. अॅल्युमिनाला चुना, सोडा आणि पोटॅशच्या बेरजेने भागताना तुम्ही वजनाचे टक्केच घेतलेत. सुरुवातीला हे सगळ्यांचं होतं, माझंही झालं होतं. आधी प्रत्येक ऑक्साइडला त्याच्या रेणुभाराने भागा. तुमचे Al2O3 १४.३, CaO २.०, Na2O २.८, K2O ३.८ घेतले तर गुणोत्तर साधारण १.१६ येतं.

१.१ च्या वर म्हणजे एस-टाइपकडे कल, मूळ खडक गाळाचा. कारण साधं आहे: माती होताना सोडियम आणि कॅल्शियम धुऊन जातात, अॅल्युमिनियम मागे राहतं. आय-टाइप अग्निजन्य खडक वितळून होतो, त्यामुळे तो सहसा १.१ च्या खाली.

पण नमुना कुजका असेल तर फेल्डस्पारमधला सोडा-चुना आधीच गेलेला असतो आणि आकडा फुगतो. म्हणून खडकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघाच. कॉर्डिएराइट हे खनिज दिसलं तर एस, हॉर्नब्लेंड दिसलं तर आय.

आणि एस-टाइप म्हणजे खंडांची टक्कर, असं लगेच लिहू नका. रसायन आधी मूळ खडक सांगतं. भूपट्टांचा संदर्भ वय आणि आजूबाजूचे खडक पाहून ठरवायचा. ए-टाइप हा ग्रॅनाइटचा आणखी एक प्रकार सध्या बाजूला ठेवा.