निष्पापाचं दुःख आणि देव: कोणतं उत्तर कुठवर पुरतं

प्रश्न: देव सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर काहीच न केलेल्या लोकांच्या वाट्याला इतकं दुःख का येतं? माझा नास्तिक मित्र हे विचारून मला दर वेळी गप्प करतो. श्रद्धाळू लोक यावर काय सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे का?

उत्तर:

हा प्रश्न सगळ्याच श्रद्धाळूंना सारखा टोचत नाही, हे आधी बघा. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते, गावाच्या शिवेवर मरीमाय असते. मरीमाय कोपते, तिला शांत करावं लागतं. सगळं विश्व तिच्या हातात आहे असा दावा कुणी करत नाही. जैन मंडळींच्या मते तर जग कुणी निर्माणच केलेलं नाही, म्हणजे जाब विचारायला कुणी उरतच नाही. पेच पडतो तो एकाच देवाबद्दल दोन गोष्टी म्हणणाऱ्याला: त्याच्या इच्छेवाचून झाडाचं पानही हलत नाही, आणि तो माउली आहे. मी वारकरी घरातला, त्यामुळे या दोन्ही गोष्टी लहानपणापासून म्हणत आलोय. लेकराचे हाल आईला दिसतायत, थांबवणं तिच्या हातात आहे, आणि तरी ती थांबवत नाही. हे कसं जुळवायचं?

नुसतं तत्त्व म्हणून बोललं की सगळीच उत्तरं बरी वाटतात. म्हणून एक प्रसंग समोर ठेवतो आणि प्रत्येक उत्तर त्यावर घासून बघतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी एका सालदाराच्या दारावर गेलो होतो. त्याची लहान मुलगी मण्यार चावून गेली होती. पावसाळ्याचे दिवस, सगळे खाली गोधडीवर झोपलेले. मण्यार रात्रीच हिंडते. तिचा दंश फारसा सुजत नाही, दुखत नाही, झोपलेलं माणूस कित्येकदा जागंही होत नाही. पहाटे मुलगी पोट दुखतं म्हणून रडली, तिला उलटी झाली. आईने ओवा दिला. उजाडता उजाडता तिच्या पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा रात्री झोप झाली नाही म्हणून पेंगतेय असं घरच्यांना वाटलं. मग तिला थुंकी गिळता येईना. हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच तोडतं, आणि शेवटी छाती हलायची थांबते. वेळेत प्रतिविष आणि श्वासाचं यंत्र मिळालं तर माणूस वाचू शकतो. इथे गाडी मिळेस्तोवरच उशीर झाला.

दारावर जमलेले लोक त्यांच्या परीने धीर देत होते. एक म्हणाले, देवाची मर्जी. दुसरे म्हणाले, मागल्या जन्माचं काही असेल. आई एवढंच म्हणाली, "मनी पोरनी कोनं काय बिघाडेल व्हतं?"

तुमच्या मित्राचा प्रश्न तो हाच.

सगळ्यात प्रसिद्ध उत्तर माणसाच्या स्वातंत्र्याचं आहे. 1955 साली जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने असं मांडलं की सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला देव आहे, आणि जगात वाईटही आहे, ही विधानं एकत्र टिकूच शकत नाहीत. त्यावर ऍल्विन प्लँटिंगाने 1974 मध्ये उत्तर दिलं: खरोखर स्वतंत्र माणसं हवीत पण ती कधीच वाईट निवडणार नाहीत, याची हमी कदाचित देवालाही देता येत नसेल, कारण हमी दिली की स्वातंत्र्य संपलं. या उत्तराने तर्कातली विसंगती सुटते, आणि ती सुटली हे बरेच नास्तिक तत्त्वज्ञही मान्य करतात. मित्र जर "देव असणं अशक्य आहे" असं म्हणत असेल, तर इथे तुमचं पारडं जड आहे.

पण मुलीच्या प्रसंगावर ते घासून बघा. गाडी नव्हती, जवळच्या दवाखान्यात सोय नव्हती, घराला पक्की जमीन नव्हती, हा भाग माणसांच्या निवडीचा आहे आणि त्याचा जाब माणसांनाच विचारायला हवा. खान्देशात मी "देवाची मर्जी" हे शब्द ऐकतो तेव्हा पुष्कळदा त्यांच्याखाली माणसाचा हलगर्जीपणा झाकलेला असतो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. मात्र तो सगळा भाग बाजूला काढला तरी मण्यार उरते. तिच्या विषात कुणाची निवड नाही. प्लँटिंगा म्हणतो की निसर्गातलं दुःख कदाचित माणसाहून वेगळ्या स्वतंत्र शक्तींचं काम असेल. ते खरं आहे असा त्याचा दावा नाही, शक्य आहे एवढाच आहे. तर्काला तेवढं पुरतं, मला पुरत नाही.

दुसरं उत्तर: दुःखातून माणूस घडतो. जॉन हिक यांनी 1966 मध्ये हे सविस्तर मांडलं. धोकाच नसलेल्या जगात धैर्य, करुणा, त्याग यांना जागाच राहणार नाही, असं ते म्हणतात. आपल्याला हे सांगायला परदेशी पंडित लागत नाही, तुकोबा आहेत. दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, दिवाळं निघालं, आणि पुढे त्याच तुकोबांनी देवाला म्हटलं की झालं ते बरं झालं, त्यामुळे तुझी आठवण राहिली. हे म्हणायचा अधिकार त्यांचा होता, कारण ते स्वतःच्या घडण्याबद्दल बोलत होते. पण उपाशी मेलेल्या त्या बाईच्या बाजूने "बरं झालं" कोण म्हणेल? तिच्या घडण्याला आयुष्यच उरलं नाही. सालदाराच्या मुलीचंही तेच. तिच्या मरणाने गावाला शहाणपण आलं असं धरलं, तरी एका लेकराचा जीव दुसऱ्यांच्या धड्यासाठी वापरला, हे माउलीला शोभत नाही. हिक यांनाही ही अडचण दिसत होती, म्हणून हे घडणं मृत्यूनंतरही चालू राहतं असं त्यांना मानावं लागलं. म्हणजे परलोक काढून घेतला की हे उत्तर कोसळतं.

आता तुमच्या मित्राची बाजू जिथे सगळ्यात भक्कम आहे ती जागा. 1979 मध्ये विल्यम रो यांनी "अशक्य" हा शब्दच सोडून दिला. त्यांनी एवढंच विचारलं: जंगलाच्या वणव्यात एक हरणाचं पाडस होरपळतं, काही दिवस तडफडतं आणि मरतं. कुणी बघत नाही, कुणी काही शिकत नाही. यातून कोणतं मोठं भलं साधलं? एकही दिसत नाही, तर बहुधा ते नसेलच. सातपुड्यात उन्हाळ्यात वणवा लागलेला ज्याने पाहिलाय त्याला हे पाडस वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यावर 1984 मध्ये स्टीफन वाइकस्ट्रा यांनी उत्तर दिलं की देवाची कारणं आपल्याला दिसली नाहीत म्हणून ती नाहीत असं ठरत नाही, आपली नजर तेवढी पोचतच नाही. आपल्याकडचं "त्याची लीला त्यालाच ठाऊक" हे याच जातीचं आहे. नम्र उत्तर आहे, पण महाग पडतं. कोणत्याही दुःखामागे आपल्याला न कळणारं भलं असू शकतं असं एकदा मानलं, तर ते दुःख थांबवावं की नाही हेही आपण कशावरून ठरवणार? आणि देवाच्या मनातलं आपल्याला कळतच नसेल, तर तो आपलं भलं करील हे तरी कुठून कळलं?

राहिलं कर्माचं उत्तर, दारावर बसलेल्यांनी दिलेलं. त्याला नुसती समजूत म्हणून झटकू नका, त्यामागे नीट रचलेला विचार आहे. ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात 34 ते 36 या सूत्रांत हाच आक्षेप घेतलेला आहे: ईश्वराने कुणाला सुखी, कुणाला दुःखी केलं, म्हणजे तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण भाताच्या बियाणातून भात येतो आणि जवाच्या बियाणातून जव. फरक बियाणाचा, पावसाचा नाही. तसा ईश्वर सगळ्यांना सारखा, फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा. मग पहिल्यांदा कर्म कुठून आलं? संसाराला पहिली वेळच नाही, तो अनादि आहे, असं पुढचं सूत्र सांगतं.

पक्षपाताचा आरोप यातून खरोखर सुटतो. पण पावसाला बियाणं बदलता येत नाही. ईश्वरालाही कर्म बदलता येत नसेल, तर "सर्वशक्तिमान" हा शब्द आपण गुपचूप मागे घेतला. बदलता येत असूनही तो बदलत नसेल, तर दयेचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. अनादि म्हटल्याने आरंभ शोधायची कटकट मिटते, पण ही साखळी मुळात असावीच का, याचं उत्तर मिळत नाही. शिवाय त्या पोरीला मागचा जन्म आठवत नव्हता. कशाची शिक्षा हेच जिला ठाऊक नाही, ती सुधारणार कशी? आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की या उत्तराने आईच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं: तुझ्या पोरीने बिघडवलं होतं, तुला माहीत नाही एवढंच. पुस्तकात हे तर्कशुद्ध आहे. त्या ओट्यावर बसून मला ते म्हणवलं नाही, आणि आजही म्हणवणार नाही.

मी स्वतः कुठे आहे तेही सांगतो, कारण तुम्ही पटतं का असं विचारलंय. दोन शब्दांपैकी एक सोडायचा तर मी "सर्वशक्तिमान" सोडलाय. विठ्ठलाच्या हातात मण्यारीचे दात नाहीत, असं मी मानतो. जनाबाईने त्याला तोंडावर शिव्या दिल्या, नामदेव त्याच्याशी भांडले. या भांडणाला अर्थ आहे तो समोरचा ऐकतो म्हणून, सगळं त्याच्या मर्जीने घडतं म्हणून नव्हे.

तुमचा मित्र म्हणेल, ही तर हार झाली. सर्वशक्तिमान देवापुरती झाली, ते मी मान्य करतो. मला त्याची किंमतही मोजावी लागते: संकट टळावं म्हणून मी आता नवस बोलू शकत नाही, आणि त्या मुलीला कुठेतरी, कधीतरी न्याय मिळेलच असं तिच्या आईला खात्रीने सांगू शकत नाही. ज्याला ही खात्री सोडवत नाही, त्याने सर्वशक्तिमान देवच धरून ठेवावा आणि कारण कळत नाही हे उघड म्हणावं. मला ते मागल्या जन्माच्या हिशेबापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं.