वेटिंग लिस्टमध्ये अर्जाची तारीख छापा, बाकीचं नंतर

प्रश्न: सोसायटीत पार्किंग वाटपाची नोटीस लावायची आहे. फ्लॅट नंबर, वाहनाचा प्रकार आणि वेटिंग लिस्ट एकाच तक्त्यात कशी बसवावी? दुचाकी-चारचाकी एकत्र घेतल्या तर चालेल का?

एकाच तक्त्यात बसवूच नका. ज्यांना जागा मिळाली त्यांचा तक्ता वेगळा, जे थांबलेत त्यांचा वेगळा. पहिला तक्ता जागेच्या नंबराने लावा, कारण वॉचमनला खाली उभं राहून ‘अकरा नंबरवर कोणाची गाडी’ एवढंच बघायचं असतं. दुसरा मात्र अर्जाच्या तारखेने लावा. आमच्याकडे तो तसा लावला नाही आणि त्यापायी माझी जागा चौदा महिने लांबली. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या इमारतीत २४ फ्लॅट आणि चारचाकीच्या १८ जागा. मी ६०३ मध्ये राहतो. गाडी घ्यायच्या आधीच, मार्चमध्ये अर्ज दिला आणि प्रतीवर पोचही घेतली. माझ्यानंतर मे महिन्यात ३०४ चा अर्ज आला, मग ६०१ आणि २०१, नोव्हेंबरमध्ये १०३ आणि शेवटी ४०२. डिसेंबरात तेव्हाच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. त्यातली वेटिंग लिस्ट, नावं आणि मोबाईल नंबर वगळून, अशी होती:

| अ.क्र. | फ्लॅट | वाहन |
|---|---|---|
| १ | १०३ | चारचाकी |
| २ | २०१ | चारचाकी |
| ३ | ३०४ | चारचाकी |
| ४ | ४०२ | चारचाकी |
| ५ | ६०१ | चारचाकी |
| ६ | ६०३ | चारचाकी |

नीट बघा, ही रांग नाही, फ्लॅट नंबरांची चढती यादी आहे. अ.क्र. म्हणजे नुसती ओळ मोजलेली. पण वर ‘प्रतीक्षा यादी’ असं लिहिलं की वाचणारा पहिल्या रकान्यातला आकडा रांगेतला नंबर म्हणूनच वाचणार. मी माझं नाव त्यात आहे एवढं पाहिलं आणि वर गेलो. बाकी पाच जणांनीही तेच केलं.

सहा महिन्यांनी कमिटी बदलली. अर्जांची फाइल जुन्या सेक्रेटरींच्या घरी राहिली, नव्या कमिटीच्या हातात आली ती ही नोटीस. तेवढ्यात ५०२ वाल्यांनी गाडी विकली आणि ११ नंबरची जागा सुटली. नव्या सेक्रेटरींनी यादीतलं पहिलं नाव वाचून ती १०३ ला दिली. तारखेने बघितलं तर १०३ पाचवे होते आणि पहिला मी.

मी पोच घेऊन गेलो. सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, नोटीस सहा महिने बोर्डावर होती. तुम्ही हरकत का घेतली नाहीत?’ त्यांचा दोष नव्हता, त्यांच्यापुढच्या कागदावर मी सहावाच होतो. १०३ च्या मुलाने तोवर गाडी आणून उभीही केली होती आणि त्याचाही यात काही अपराध नव्हता. शेवटी सभेत ठरलं की त्याची जागा राहू द्यायची आणि पुढची मला. ती पुढची जागा चौदा महिन्यांनी सुटली. तोवर गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावत होतो. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना धरून कोपऱ्यापासून गेटपर्यंत आणायचो. ते दिवस मी विसरलेलो नाही.

जुने सेक्रेटरी आजही भेटले की म्हणतात, ‘तारखेचा रकाना घातला असता तर नोटीस एका पानावर मावली नसती.’ मावली असती. सभासदांची पूर्ण नावं आणि मोबाईल नंबर काढून टाकले असते तरी पुरलं असतं. ते बोर्डावर नसलेलेच बरे. प्रतीक्षा क्रमांक, फ्लॅट, वाहनाचा प्रकार, अर्जाची तारीख आणि शेरा, एवढे पाच रकाने पुरेत. अ.क्र. हा रकाना या तक्त्यात ठेवूच नका. एकाच दिवशी दोन अर्ज आले तर दोघांसमोर चिठ्ठी काढा आणि शेऱ्यात तसं लिहा. रजिस्टरमध्ये प्रत्येक अर्जाला एक कायमचा नंबरही द्या. प्रतीक्षा क्रमांक दर नोटिशीला वर सरकतो, अर्जाचा नंबर सरकत नाही, त्यामुळे जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून कोण कुठे सरकला ते कोणालाही तपासता येतं.

संगणकावर तारखेने लावताना पूर्ण तक्ता निवडा. एकट्या तारखेचा रकाना निवडून क्रम बदललात तर तारखा हलतात, फ्लॅट जागच्या जागी राहतात आणि चूक दिसतही नाही. छापण्याआधी कोणतेही तीन अर्ज काढून यादीशी ताडून बघा.

वाहनाच्या प्रकारात नुसतं ‘चारचाकी’ लिहून भागत नाही. आमच्या जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आहेत, पण ७ नंबरला एका बाजूला खांब आहे. तिथे मोठी गाडी कशीबशी आत जाते, मग चालकाकडचं दार उघडत नाही. ती जागा सुटली तेव्हा रांगेत पहिले ३०४ होते आणि त्यांची गाडी मोठी. अशा वेळी ती जागा पुढच्या लहान गाडीवाल्याला द्यावी, पण ३०४ चा पहिला नंबर तसाच राहिला पाहिजे. शेऱ्यात लिहा: ‘जागा ७ मापात बसत नाही, क्रमांक कायम’. गाडी बसत नाही हा नकार नव्हे. बसत असताना नको म्हणणं हा नकार, आणि तो सात दिवसांत लेखी घ्यावा. नाहीतर वर्षाने ‘मला कोणी विचारलंच नाही’ हे ऐकावं लागतं.

तक्त्याखाली तीन गोष्टी हव्यात: यादी कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची आहे, हरकत कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायची, आणि या नोटिशीमुळे आधीची कोणती नोटीस रद्द होते. आमच्या बोर्डावर जुनी-नवी दोन्ही लटकत होत्या. आधी ‘मसुदा’ म्हणून पंधरा दिवस लावा, मग अंतिम. मसुद्यात प्रत्येकाकडून आपल्या ओळीसमोर सही घ्या. नुसतं नाव बघून माणूस निघून जातो, सही करताना नंबर वाचतो.

हे सगळं सोसायटीच्या ताब्यातल्या जागांपुरतं. एखाद्याची जागा त्याच्या करारातच लिहिलेली असेल, तर नुसत्या नोटिशीने ती हलवू नका, आधी जाणकाराला विचारा. आणि तारखेचा क्रम तुमच्या नियमांशी जुळतो का, ते आधी बघा. काही ठिकाणी दरवर्षी चिठ्ठी काढून वाटप होतं, तिथे तारखेची रांग लागूच होत नाही. भाडेकरूचा अर्ज चालतो का, फ्लॅट विकला तर रांगेतला नंबर नव्या मालकाला मिळतो का, हेही नोटीस लावण्याआधी सभेत ठरवून घ्या.

दुचाकींचं विचारलंत, त्यांची यादी वेगळीच ठेवा. एका चारचाकीच्या जागेत चार दुचाकी बसतात म्हणून एकत्र यादी केली, की जागा सुटल्यावर ती पुढच्या एका गाडीला द्यायची की चार स्कूटरना, यावर भांडण होतं. तो निर्णय सभेचा, सेक्रेटरीचा नाही.