टी-शर्ट आणि मगचं प्रिंट-ऑन-डिमांड जळगावसारख्या ठिकाणाहून परवडतं का? क्वालिटी आणि कॉपीराइटचं काय?

मगवर परवडतं, टी-शर्टवर जपून. ऑर्डर आली की छापणारी कंपनीच एकेक नग छापून परस्पर पाठवते. माझ्या वेळी त्यांच्याकडून मग छपाईसकट १६५ ला पडायचा, कुरिअर ८५, म्हणजे २५०. विकायचो ३४९ ला. आमचे दाजी भुसावळचे, त्यांचं पहिल्यापासून एकच, "मशीनच घे ना भो!" कोरा मग ७५, कागद-शाई-वीज १२, नगामागं ७८ रुपये वाचतात हे खरं. पण प्रिंटर आणि मग प्रेस मिळून २६ हजार. ते निघायला ३३४ मग खपायला हवेत. माझे वर्षभरात ४१ गेले.

कॉपीराइटमध्ये मात्र मी पोळलोय. आखाजीच्या तोंडावर बहिणाबाईंची 'अरे संसार संसार' ही ओळ मगवर आणि टी-शर्टवर टाकली. ओळीची अडचण नव्हती. बहिणाबाई १९५१ ला गेल्या, गाणी पुस्तकात आली १९५२ ला. लेखकाच्या मागे छापलेल्या लेखनाला आपल्याकडं प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे २०१२ सरल्यावर ती ओळ सगळ्यांची. पण अक्षरं मी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रातून उचलली होती आणि ते सुलेखन करणारा माणूस हयात निघाला. कविता मोकळी, वळण त्याचं. फाइल चढवताना 'हक्क माझे आहेत' यावर टिक मीच केलेली, त्यामुळं छापणारे नामानिराळे आणि तक्रार माझ्या नावावर. लिस्टिंग गेलं, त्या महिन्याचे पैसेही अडकले. "बहिणाबाई आपलीच, कोण विचारतंय?" असं म्हणणारे दाजीच होते, हे इथं नोंदवून ठेवतो.

त्यानंतर मुक्ता हा मोकळ्या परवान्याचा फॉन्ट घेतला, त्यातलं बारीक रेघेचं अक्षर. दिसायला छान. टी-शर्ट डीटीएफचा, म्हणजे फिल्मवरची छपाई उष्णतेनं कापडावर चिकटवलेली. त्यात सुटे बारीक ठिपके आधी उखडतात. तिसऱ्या धुण्यात बहिणीच्या टी-शर्टावरचा अनुस्वार गेला आणि छातीवर राहिलं 'अरे ससार'. सासरी महिनाभर तेच ऐकलं तिनं. माल परस्पर गिऱ्हाइकाकडं जातो, तुमच्या नजरेखालून जातच नाही. म्हणून प्रत्येक डिझाइनचा एक नग आधी स्वतःच्या पत्त्यावर मागवा, पाच वेळा धुवा आणि अक्षर जाडच ठेवा. मगवर बघायचं ते कान आणि काठाजवळ. तिथं दाब कमी पडला की रंग फिका उतरतो.

एक राहिलं. 'काय भो' सारख्या दोन शब्दांवर कॉपीराइट नसतो, पण ट्रेडमार्क कुणी घेतलेला असू शकतो. कपड्यांसाठी वर्ग २५, मगसाठी २१ तपासा.

दाजी अजून म्हणतात, मशीन असतं तर टिंब पडलं नसतं. दाजी, त्या मशीनची शाई सुती कापडाला धरतच नाही, पॉलिस्टर लागतं.